पीसीओएससाठी इनोसिटॉल: खोक्यावरचा हिशोब, रोजचा डोस आणि सहा महिन्यांची वही

मेडिकलच्या काउंटरवर बसून हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे. मुलगी दोन खोकी समोर ठेवते. दोन्हींवर इनोसिटॉल लिहिलेलं असतं, दोन्हींवर पीसीओएसचा उल्लेख असतो, आणि एक बरंच स्वस्त असतं. "ताई, दोन्ही एकच ना? मग स्वस्तातलं द्या." मी खोकी उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवते, तेव्हा कळतं की दोन्हींत एकच गोष्ट नाही. एकात रोजचा पूर्ण डोस आहे, दुसऱ्यात त्याचा जेमतेम पाव हिस्सा. पाव डोस सहा महिने घेऊन "मला इनोसिटॉल लागू पडत नाही" असं म्हणणाऱ्या बायका मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. त्यांचे पैसे जातात आणि त्याहून मोलाचे सहा महिने जातात. म्हणून हा लेख मुख्यतः खोक्याच्या त्या मागच्या बाजूबद्दल आहे, आणि गोळी सुरू केल्यावर काय मोजायचं याबद्दल.

इनोसिटॉल म्हणजे नेमकं काय

ही साखरेच्या जवळची एक गोष्ट आहे. पांढरी, किंचित गोडसर, पाण्यात विरघळणारी पूड. आपलं शरीर ती ग्लुकोजपासून स्वतः बनवतं, मुख्यतः मूत्रपिंडात, आणि थोडी धान्य, कडधान्य, फळं यांतून मिळते. तिचे नऊ प्रकार आहेत; आपल्या कामाचे दोन, मायो-इनोसिटॉल आणि डी-कायरो-इनोसिटॉल. पुढे नुसतं मायो आणि कायरो म्हणते.

इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवण्यात दोघांचाही हात असतो, पण कामं वेगळी. मायो अंडाशयात बीज वाढवणाऱ्या एफएसएच संप्रेरकाचा निरोप पोचवायला मदत करतं. कायरो शरीर मायोपासूनच तयार करतं, आणि ते रूपांतर इन्सुलिनच्या हुकमावर चालतं. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं. अंडाशय त्या जादा इन्सुलिनला प्रतिसाद देतच राहतं, तिथलं मायो भराभर कायरोत बदलतं, बीजाला लागणारं मायो कमी पडतं आणि पुरुषी संप्रेरकं वाढतात, असा यामागचा अंदाज आहे. याला अजून पक्का सिद्धान्त म्हणता येणार नाही, पण कायरो जास्त घेतलं की जास्त फायदा, हे गणित का चुकतं ते यातून समजतं.

४०:१ कुठून आलं

निरोगी बाईच्या रक्तात मायो आणि कायरो यांचं प्रमाण साधारण ४० ला १ असतं. त्याच प्रमाणात बाहेरून द्यावं, हा विचार त्यावरूनच आला. बीजाभोवतीच्या द्रवात तर मायो याहूनही जास्त, सुमारे १०० ला १ असतं.

सुरुवात मात्र उलट्या टोकाने झाली होती. १९९९ मध्ये अमेरिकेत ४४ लठ्ठ स्त्रियांवर नुसत्या कायरोची चाचणी झाली, रोज १२०० मिलिग्रॅम. औषध घेणाऱ्या २२ जणींपैकी १९ जणींचं ओव्ह्युलेशन झालं, म्हणजे अंडाशयातून बीज सुटलं, नकली गोळी घेणाऱ्या २२ पैकी फक्त ६ जणींचं. साहजिकच सगळ्यांच्या आशा वाढल्या. पण डोस वाढवून पाहिल्यावर तसं यश पुन्हा मिळालं नाही, आणि पुढे कायरोच्या मोठ्या डोसमुळे बीजाचा दर्जा बिघडतो असं दिसू लागलं. २०१९ मध्ये इटलीत वेगवेगळी प्रमाणं एकमेकांशी ताडून पाहिली, त्यात ओव्ह्युलेशनसाठी ४०:१ सरस ठरलं. मात्र प्रत्येक गटात फक्त आठ जणी होत्या, तेवढ्यावर शेवटचा शब्द देता येत नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही अमुकच प्रमाण किंवा अमुकच डोस असं सुचवलेलं नाही, कारण तेवढा भक्कम पुरावा नाही.

मग मी ४०:१ किंवा नुसतं मायो का सुचवते? कारण चाचण्यांमध्ये सर्वांत जास्त वापरलेला डोस मायोचा आहे, दिवसाला ४ ग्रॅम, आणि ४०:१ मध्ये तो पूर्ण ४ ग्रॅम मिळूनही कायरो फक्त १०० मिलिग्रॅम राहतं. कायरो वाढवण्याचा धोका पत्करावा असं कारण मला दिसत नाही, विशेषतः जिला पुढेमागे मूल हवं आहे तिच्यासाठी.

सुरू करण्याआधी

पाळी लांबली म्हणजे पीसीओएसच, असं नसतं. थायरॉइड बिघडला किंवा प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढलं तरी पाळी लांबते, आणि त्या दोन्हींवर इनोसिटॉलचा उपयोग नाही. म्हणून टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या आधी. गरोदर असण्याची थोडीशीही शक्यता असेल तर घरच्या घरी लघवीची चाचणी. साखरेसाठी नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची चाचणी पीसीओएसमध्ये जास्त सांगून जाते. दोन तासांचा आकडा १४० किंवा वर आला तर नुसत्या इनोसिटॉलवर भिस्त ठेवू नका, मेटफॉर्मिन या साखरेच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला.

शेवटची पाळी येऊन ९० दिवस उलटले असतील तर इनोसिटॉल सुरू करून वाट बघत बसू नका. पाळी येत नाही तेव्हा गर्भाशयाचं अस्तर साठत जातं, आणि वर्षानुवर्षं असं होत राहणं घातक असतं. डॉक्टर सहसा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा छोटा कोर्स देऊन पाळी आणतात. इनोसिटॉल त्यानंतर.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा बायपोलर आजारासाठी लिथियम चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही पुडी घेऊ नका. लिथियमचं काम काही अंशी शरीरातल्या इनोसिटॉलशीच जोडलेलं आहे.

खोकं उलटं करून वाचा

आता मुख्य गोष्ट. पुढच्या बाजूची मोठी अक्षरं सोडा. मागे तीन आकडे शोधा: एका गोळीत किंवा पुडीत मायो किती मिलिग्रॅम, कायरो किती मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड किती मायक्रोग्रॅम. हे आकडे एका गोळीचे आहेत की दोन गोळ्यांचे मिळून, तेही बघा. पुष्कळदा 'एका सर्व्हिंगमध्ये' असं लिहिलेलं असतं, आणि सर्व्हिंग म्हणजे दोन गोळ्या असतात.

पहिला नमुना घेऊ. पुडीत मायो २००० मिलिग्रॅम, कायरो ५०, फॉलिक ॲसिड २०० मायक्रोग्रॅम. २००० ला ५० ने भागलं की ४० येतात. दिवसाला दोन पुड्या म्हणजे मायो ४००० मिलिग्रॅम, अर्थात ४ ग्रॅम, कायरो १००, फॉलिक ॲसिड ४००. हाच पूर्ण डोस.

दुसरा नमुना: गोळीत मायो ५५० मिलिग्रॅम, कायरो १३.८. भागाकार केला की जवळजवळ ४०. प्रमाण अगदी बरोबर आहे, आणि फसगत नेमकी इथेच होते. दिवसाला दोन गोळ्या घेतल्या तर मायो होतं ११०० मिलिग्रॅम. ४ ग्रॅमच्या पाव हिश्श्याहून थोडंसंच जास्त. पूर्ण डोससाठी रोज सात गोळ्या लागतील. स्वस्त वाटलेलं खोकं चार-पाच दिवसांत संपेल, म्हणजे ते स्वस्त नाहीच. किंमत ताडायची असेल तर खोक्याची ताडू नका, ४ ग्रॅम मायोची ताडा.

तिसरा नमुना सर्वांत नीट बघा: मायो ५५०, कायरो १५०. हे साधारण ३.७ ला १ झालं. अशा गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात, आणि डॉक्टर विशिष्ट कारणासाठी त्या देऊही शकतात. पण इंटरनेटवर '४ ग्रॅम घ्या' असं वाचून कुणी याच्या सात गोळ्या रोज घेऊ लागली, तर तिच्या पोटात रोज १०५० मिलिग्रॅम कायरो जाईल. ४०:१ मध्ये मिळतं त्याच्या दसपट. ही गोळी लिहून दिली असेल तर सांगितली तेवढीच घ्या, स्वतःच्या मनाने वाढवू नका.

फॉलिक ॲसिडचाही हिशोब करा. गोळीत २०० मायक्रोग्रॅम असेल आणि सात गोळ्या घेतल्या तर १४०० होतात. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर दिवसाला १००० च्या वर जाऊ नये.

मेटफॉर्मिन आणि मायो एकत्र असलेल्या गोळ्याही येतात. त्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत. 'मैत्रिणीची इनोसिटॉलची गोळी' म्हणून जी दाखवली जाते ती कधीकधी हीच असते, म्हणून नाव नीट वाचा.

रोज कसं घ्यायचं

सकाळी एक पुडी आणि रात्री एक, जेवणाच्या थोडं आधी, अर्धा पेला साध्या पाण्यात ढवळून. चव जवळजवळ साखरपाण्यासारखी लागते. कृत्रिम संत्र्याचा वास नको असेल तर बिनस्वादाची पूड मिळते. सुटी पूड घेतली तर घरातल्या चमच्याचा अंदाज धरू नका. डब्यासोबत येणारा मापाचा चमचा वापरा, आणि तो किती ग्रॅमचा आहे ते डब्यावर बघा.

पहिला आठवडा फक्त रात्रीची पुडी घ्या, मग दोन. या डोसला सहसा त्रास होत नाही. झाला तर गॅस, थोडी मळमळ, पातळ शौच एवढंच, आणि तेही हळूहळू थांबतं. १२ ग्रॅमसारख्या मोठ्या डोसला पोट हमखास कुरकुरतं, पण पीसीओएससाठी तेवढं लागतच नाही. एखादी पुडी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. पाळीच्या दिवसांतही बंद करायचं नाही.

वही: तीन महिने, सहा महिने

बीज अगदी लहान असल्यापासून पक्व होईपर्यंत सुमारे तीन महिने लागतात. आज सुरू केलेल्या पुडीचा परिणाम पुढच्याच पाळीत शोधणं म्हणूनच व्यर्थ आहे. तीन महिन्यांनी पहिला अंदाज घ्यायचा, सहा महिन्यांनी निर्णय.

वहीत चारच गोष्टी लिहा: पाळी सुरू झाल्याची तारीख, किती दिवस अंगावरून गेलं, महिन्याला एकदा वजन, आणि तीन महिन्यांतून एकदा कमरेचा घेर. दोन पाळ्यांमधलं अंतर पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. मुली हे अंतर पाळी संपल्यापासून मोजतात आणि पाच-सहा दिवसांची चूक होते. सुरू करण्याआधीच्या चार पाळ्यांची अंतरं आधी लिहून काढा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

एक नमुना मांडते. तो समजावण्यासाठी मी रचलेला आहे, पण आकडे अशाच धाटणीचे असतात. सत्तावीस वर्षांची स्नेहल, वजन ६८ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. आधीच्या चार पाळ्यांची अंतरं ५२, ६७, ४८ आणि ७१ दिवस, म्हणजे सरासरी साठच्या आसपास. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, ग्लुकोजनंतरची साखर १२८. तिने ४०:१ च्या दोन पुड्या सुरू केल्या. पुढची अंतरं आली ५८, ४४, ३८ आणि ३६.

पहिल्या ५८ ला ती नाराज झाली असती तर नवल नव्हतं, पण ती पाळी अजून जुन्याच बीजांची होती. खरा बदल दुसऱ्यापासून दिसतो. चौथ्या वेळी, पुढची पाळी अपेक्षित असण्याच्या साधारण आठवडाभर आधी, म्हणजे २९ व्या दिवशी, तिने रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासलं. आकडा आला ९. तीनच्या वर असला की ओव्ह्युलेशन झालं असं धरतात. सहा महिन्यांत वजन एक किलोने उतरलं. हनुवटीवरचे केस तसेच.

या तपासणीबद्दल थोडं. 'एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन' असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. जिची पाळी ४० दिवसांनी येते तिने एकविसाव्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमीच येणार, आणि ती उगाच घाबरणार. रक्त दिल्यानंतर पाळी किती दिवसांनी आली तेही लिहा. सातेक दिवसांनी आली तरच आकड्याला अर्थ. लघवीवर ओव्ह्युलेशन बघायच्या पट्ट्यांवर पीसीओएसमध्ये फार विसंबू नका. त्या पट्ट्या जे एलएच संप्रेरक मोजतात ते मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे पट्टी उगाच गडद होते.

आता दुसरी शक्यता. त्याच स्नेहलची अंतरं ६१, ५५, ६४ अशी आली असती तर? पूर्ण डोस, सहा महिने, आणि फरक नाही. मग थांबवायचं. ब्रँड बदलून किंवा डोस दुप्पट करून आणखी सहा महिने घालवू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

कशाची आशा धरावी, कशाची नाही

पाळी जवळ येणं, हा सगळ्यांत दिसणारा फायदा. सगळ्यांना होत नाही, पण होतो त्यांना स्पष्ट जाणवतो. इन्सुलिन आणि साखरेच्या आकड्यांत थोडी सुधारणा होऊ शकते. २०२३ च्या सूचनांची भूमिकाही अशीच आहे: नुकसान फारसं नाही, चयापचयाच्या आकड्यांत फायदा शक्य आहे, पण ओव्ह्युलेशन, अंगावरचे केस आणि वजन यांवर मर्यादित. बाईची स्वतःची इच्छा असेल तर विचार करावा, आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

वजन उतरवण्यासाठी हे घेऊ नका. पोटाचा घेर आणि अंगावरचे केस ही मुख्य तक्रार असेल तर याच सूचनांनुसार मेटफॉर्मिनला इनोसिटॉलच्या आधी पसंती आहे. त्याने पोटाचा त्रास जास्त होतो, हेही खरं. केसांवर कुठल्याही औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, कारण एकदा जाड झालेला केस आपलं आयुष्य पूर्ण करूनच गळतो. सोनोग्राफीतली 'मण्यांची माळ' नाहीशी झाली का, हे बघायला दर तीन महिन्यांनी पैसे घालवू नका. पाळी नियमित झाली तरी ते चित्र तसंच राहू शकतं, आणि ते मणी म्हणजे न वाढलेली बीजं आहेत, गाठी नव्हेत.

एक गोंधळ फार होतो. डॉक्टरांनी पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या दिलेल्या असतात, सोबत इनोसिटॉल. पाळी अगदी तारखेला येते आणि श्रेय इनोसिटॉलला मिळतं. तो रक्तस्राव त्या गोळ्यांचा आहे. गोळ्या बंद झाल्यावर काय होतं, त्यावरूनच इनोसिटॉलचं काम कळेल.

मूल हवं असेल, किंवा आत्ता नको असेल

आत्ता नको असेल तर गर्भनिरोधक वापरा. वर्षानुवर्षं पाळी अनियमित असलेल्या बाईला वाटतं, मला कुठे राहणार आहे. ओव्ह्युलेशन परत सुरू झालं की पहिली खूण पाळी नसते. तिच्या दोन आठवडे आधीच बीज सुटलेलं असतं.

हवं असेल तर इनोसिटॉलसाठी वर्ष वाया घालवू नका. वंध्यत्वाच्या उपचारात त्याला अजून प्रयोगाच्याच पातळीवर धरलं जातं. ओव्ह्युलेशन आणण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलला आहे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर तीन महिनेही थांबू नका, आधी डॉक्टर गाठा. इनोसिटॉल उपचारासोबत घ्यायचं की नाही ते त्या ठरवतील. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात उरकून घ्या. ती लांबणीवर पडते आणि पुड्या मात्र बायको पीत राहते, हे मला अजिबात पटत नाही.

चाचणी पॉझिटिव्ह आली की पुड्यांचं खोकं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चालू ठेवायच्या का ते विचारा. गरोदरपणातला मधुमेह टळेल या आशेने पुष्कळ जणी चालू ठेवतात. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत पीसीओएस असलेल्या गरोदर स्त्रियांना रोज ४ ग्रॅम मायो दिलं गेलं. मधुमेह, रक्तदाबाची गुंतागुंत आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचं एकत्रित प्रमाण त्याने कमी झालं नाही. फॉलिक ॲसिड मात्र थांबवायचं नाही. ते पुडीतूनच मिळत होतं आणि पुडी बंद केली, तर त्याच दिवसापासून त्याची वेगळी गोळी सुरू करा.